दाग ना दागिना : एका कहाणीचे इंग्रजी तपासताना

श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांपैकी शुक्रवारची कहाणी लहान आहे. सावकाश वाचली तरी दहा मिनिटांत संपते. एक गरीब ब्राह्मणी शेजारणीच्या सांगण्यावरून शुक्रवारचे व्रत धरते. त्याच गावात राहणारा तिचा श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, साऱ्या गावाला आमंत्रण देतो आणि लोक हसतील म्हणून बहिणीला तेवढे वगळतो. ती मुलाबाळांना घेऊन आपण होऊन जाते, तेव्हा तो तिला आधी बोलून आणि मग हाताला धरून बाहेर काढतो. पुढे देवी प्रसन्न होते, बहिणीच्या घरी लक्ष्मी येते, भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. आणि ती भरल्या ताटावर बसून एकेक घास आपल्या दागिन्यांवर ठेवत जाते, कारण आमंत्रण तिला नसून त्यांना आहे, हे तिने ओळखलेले असते.

या कहाणीचा इंग्रजी मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला होता. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवावी अशी एक छोटी पुस्तिका काढायची होती, आणि भाषांतर करणारी मुलगी इंग्रजीत तरबेज, मराठीत समजूतदार आणि मूळ शब्दाशी अतिशय प्रामाणिक होती. तपासणाऱ्याला खरे काम असल्या प्रामाणिक मसुद्यातच असते. ज्याला मूळ कळलेलेच नाही त्याच्या चुका ढोबळ असतात आणि चटकन सापडतात; ज्याने प्रत्येक शब्द मोजून पलीकडे नेला आहे त्याच्या चुका वाक्याच्या ठेवणीत दडलेल्या असतात.

असा मसुदा तपासताना मूळ कहाणी मी पहिल्यांदा मिटून ठेवतो. दोन्ही पाने शेजारी ठेवून सुरुवात केली की डोळा फसतो, कारण इंग्रजीत जे उतरलेले नसते ते मन मराठीतून आपोआप भरून घेते आणि सगळे ठीक वाटू लागते. म्हणून आधी नुसते इंग्रजी, तेही मोठ्याने वाचायचे. जीभ अडखळली किंवा आवाज सरकारी झाला की समासात पेन्सिलीने ‘ता’ लिहायचे, म्हणजे ताठर. मग मूळ उघडून ओळीला ओळ लावायची, आणि मराठीत जे होते पण इंग्रजीत नाही तिथे ‘ह’ लिहायचा, म्हणजे हरवले. तिसरे वाचन सर्वांत महत्त्वाचे, आणि ते घाईत बहुधा राहून जाते. प्रत्येक ‘ह’ पाशी थांबून विचारायचे, की ही गोष्ट पुढे कुठे कामाला येते काय? प्रत्येक हरवलेला वाक्प्रचार परत मिळवता येत नाही आणि मिळवण्याची गरजही नसते. पण काही वाक्प्रचार असे असतात की त्यांच्यावर पुढचा प्रसंग उभा असतो, आणि या कहाणीत तसे बरेच आहेत.

सुरुवात ‘आटपाट नगर होतं’ अशी. मसुद्यात त्याचे ‘अ व्हास्ट अँड वेल लेड-आउट सिटी’ झाले होते. अर्थ लावण्याची खटपट दिसत होती, पण पहिल्याच वाक्यात नगरपालिकेचा अहवाल उघडल्यासारखे वाटत होते. याच कहाण्यांचे इंग्रजी रूपांतर सी. ए. किंकेड या मुंबई इलाख्यातल्या आय. सी. एस. अधिकाऱ्याने 1914 साली प्रसिद्ध केले होते, आणि त्याने ‘आटपाट’ हे सरळ नगराचे नाव करून टाकले : आटपाट नावाचे एक गाव होते. शाब्दिक पातळीवर ही चूकच आहे, आणि मराठी अभ्यासकाला ती वाचून हसू येते. पण मला किंकेडची चूक मसुद्यातल्या अचूकपणापेक्षा जवळची वाटते. आपण तरी लहानपणी ‘आटपाट’चा अर्थ कुठे विचारला होता? गोष्ट सुरू झाली, आता गप्प बसायचे, एवढीच ती खूण होती. चार कहाण्या जर त्याच आटपाट गावात घडल्या, तर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलालाही ते गाव नकाशावर नाही हे आपोआप कळेल. मी ‘अ टाउन कॉल्ड आटपाट’ असेच ठेवायला सुचवले.

दुसऱ्याच ओळीत ‘अठराविश्वे दारिद्र्य’ होते. मसुद्यात ‘द पॉव्हर्टी ऑफ एटीन वर्ल्ड्स’ असे आले होते, कारण ‘विश्वे’ म्हटल्यावर विश्वच आठवणार. या शब्दाचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ वेगळा आहे : अठरा विसे, म्हणजे अठरा गुणिले वीस, तीनशे साठ, अर्थात वर्षाचे सगळे दिवस. हे लक्षात आल्यावर वाट सोपी झाली. ‘दे वेअर पुअर एव्हरी डे ऑफ द इयर’ हे साधे वाक्य आहे, त्यात अलंकार नाही, पण विसांचा हिशोब त्यात जिवंत आहे आणि आई ते वाचताना अडखळणार नाही. त्यानंतर ती शेजारणीपाशी ‘गरिबीचं गाणं’ गाते. मसुद्यात ती खरोखरच गात होती, ‘सँग द साँग ऑफ हर पॉव्हर्टी’. इंग्रजी मुलाला इथे चाल ऐकू येईल आणि आता गाणे येणार म्हणून तो वाट पाहील. मी त्या जागी तिने आपली रोजची कर्मकथा सांगितली, एवढ्याच अर्थाचे साधे वाक्य सुचवले. वाक्प्रचार गेला. पण या गाण्याला पुढे कहाणीत काही काम नाही, म्हणून हा तोटा सोसण्यासारखा होता.

शेजारणीने व्रत सांगितले त्या परिच्छेदात ‘ता’ची नुसती रांग लागली. मूळ असे आहे : संध्याकाळी सवाष्णीला बोलवावं, तिचे पाय धुवावेत, तिला हळदकुंकू द्यावं, तिची ओटी भरावी, साखर घालून दूध प्यायला द्यावं, भाजलेल्या हरभऱ्यांची खिरापत द्यावी, नंतर आपण जेवावं. मसुद्यात याचे एकच लांबलचक वाक्य झाले होते : ‘हॅविंग कॉल्ड अ मॅरिड वुमन इन द इव्हनिंग, हॅविंग वॉश्ड हर फीट, वन शुड गिव्ह हर टर्मेरिक अँड व्हर्मिलियन, अँड फिल हर लॅप’ आणि असेच पुढे. मराठीतून इंग्रजीत जाताना ताठरपणा कुठून येतो याचे हे वाक्य म्हणजे चांगले उदाहरण आहे. एक कारण आपले ऊनान्त रूप. ‘बोलावून, धुऊन, देऊन’ ही रूपे मराठीत अगदी हलकी असतात, आपण ती श्वासासारखी वापरतो, आणि इथे तर मुळात नसतानाही भाषांतर करताना ती मनात तयार झाली होती. इंग्रजीतले ‘हॅविंग’ मात्र वजनदार आहे. ते कोर्टाच्या निकालात शोभते. दुसरे कारण ‘-आवं’ हे रूप. व्याकरणाच्या पुस्तकात ते विध्यर्थ आहे, म्हणून त्याला ‘शुड’ चिकटवले जाते, आणि कर्ता नाही म्हणून ‘वन’ येतो. पण इथे एक बाई दुसरीला काय कर नि कसे कर ते सांगते आहे. पाककृती सांगतानाही आपण ‘मग त्यात चिमूटभर हिंग घालावं’ असेच म्हणतो, आणि इंग्रज बाई त्या जागी सरळ आज्ञार्थ वापरते. म्हणून सगळे ‘हॅविंग’ आणि सगळे ‘वन शुड’ काढून आखूड वाक्ये केली : ‘इन द इव्हनिंग, आस्क अ मॅरिड वुमन इन. वॉश हर फीट.’ शेजारीण पुन्हा शेजारणीसारखी बोलू लागली.

ओटीचा प्रश्न त्यात राहिलाच होता. ‘फिल हर लॅप’ हे शब्द इंग्रजीत अर्धवट लोंबकळतात. कशाने भरायची, ते वाचणारा विचारत राहतो. मराठीत ते सांगावे लागत नाही, कारण ओटी म्हटले की तांदूळ आणि नारळ आलेच. इंग्रजीत ते दोन शब्द वाक्यातच घातले की तळटीप लागत नाही : ‘फिल हर लॅप विथ राइस अँड अ कोकोनट’. मोठ्याने वाचायच्या गोष्टीत तळटीप निरुपयोगी असते, कारण ती वाचायला आवाज थांबवावा लागतो. सवाष्णीसाठी ‘मॅरिड वुमन’ अपुरे आहे, कारण सवाष्णीत नवरा हयात असणे हेच मुख्य. तरी मी तिथे हट्ट धरला नाही, कारण बहिणीच्या आणि भावाच्या गोष्टीत या तपशिलाला पुढे काम पडत नाही.

शेजारणीच्या तोंडी ‘बाई बाई’ असे होते, त्याचे मसुद्यात ‘सिस्टर, सिस्टर’ झाले होते. एरवी मी तिकडे लक्षही दिले नसते. पण ज्या गोष्टीचा सारा डाव एका बहिणीवर आहे, तिथे पहिल्याच पानावर शेजारणीला ‘सिस्टर’ म्हणू द्यायचे नाही. ते ‘लिसन, माय डिअर’ केले.

आता मी मसुद्याच्या मधल्या भागाकडे येतो, जिथे माझी पेन्सिल सर्वांत जास्त झिजली.

‘साऱ्या गावाला आमंत्रण केलं, बहिणीला काही बोलावलं नाही.’ इंग्रजीत उतरले होते : ‘ही डिड नॉट कॉल हिज सिस्टर एनीथिंग.’ या वाक्यात दोन खड्डे आहेत. ‘काही’ हा शब्द इथे वस्तू दाखवत नाही, तो नकाराला धार लावतो. ‘मी काही येत नाही’ म्हणताना आपण जे करतो तेच. आणि ‘बोलावणे’ म्हणजे हाक मारणे नव्हे, आमंत्रण देणे. मसुद्यात पुढे हेच क्रियापद कधी ‘कॉल’, कधी ‘इन्व्हाइट’, कधी ‘आस्क’, तर शेवटी एकदा ‘समन’ झाले होते. भाषांतर करणारीला शाळेत शिकवलेले असणार, की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. निबंधात ते ठीक आहे. कहाणीत मात्र ‘जेवायला बोलावणे’ हे शब्द मुद्दाम परतून येतात : आधी बोलावले नाही, मग ‘मी तुला काही बोलावलं नाही’ असे तोंडावर सांगितले, पुढे आग्रहाने बोलावले, आणि शेवटी बहीण म्हणते, ‘जिला तू जेवायला बोलावलंस तिला मी भरवते आहे.’ शेवटच्या वाक्याचा वार बसण्यासाठी आधीच्या तिन्ही जागी तोच शब्द कानावर पडलेला असायला हवा. चारही ठिकाणी ‘इन्व्हाइट’ ठेवायला मी सांगितले, आणि हाच या तपासणीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला बदल होता, जरी पानावर तो दिसतही नाही. ‘काही’ची धार आणण्यासाठी एक शब्द वाढवला : ‘ही इन्व्हाइटेड द होल टाउन. हिज ओन सिस्टर ही डिड नॉट इन्व्हाइट.’ बहीण वाक्याच्या तोंडाशी आली आणि तिचे वगळले जाणे ऐकू येऊ लागले.

‘सहस्रभोजन’ हा शब्दही असाच धरून ठेवावा लागतो. पहिल्यांदा त्याचे ‘अ ग्रँड फीस्ट’ झाले होते आणि शेवटी, जिथे बहीण त्याची आठवण काढते, तिथे ‘सहस्रभोजन’ हा मूळ शब्दच ठेवला होता. ऐकणाऱ्या मुलाला हे दोन निरनिराळे प्रसंग वाटतील. शिवाय ‘ग्रँड’मध्ये आकडा हरवतो. हजार पाने उठली आणि त्यात सख्ख्या बहिणीचे पान नव्हते, हा उपहास आकड्यातच आहे. म्हणून दोन्ही जागी ‘फीस्ट फॉर अ थाउजंड’.

यानंतर भावाचे बोलणे. छापील पोथ्यांत थोडेफार पाठभेद आढळतात, पण साधारणपणे ते असे आहे : ‘अगं अगं ताई, तुला वस्त्र ना पात्र, दाग ना दागिना, तुझ्याकडे पाहून लोक हसतात, म्हणून मी तुला काही बोलावलं नाही. आज आलीस ती आलीस, उद्या काही येऊ नको.’ मसुद्यात ‘नायदर क्लोद्ज नॉर युटेन्सिल्स, नायदर स्टेन नॉर ऑर्नामेंट’ असे होते. ‘दाग’ म्हणजे डाग असे हिंदीच्या सवयीने झाले असावे. हा ‘दाग’ दागदागिने या जोडीतला आहे, त्याला वेगळा अर्थ शोधत बसू नये; ‘वस्त्र ना पात्र’मधल्या पात्राचेही तसेच. या जोड्या अर्थासाठी जितक्या आहेत तितक्याच तालासाठी आहेत, आणि तोंडावर अपमान करताना माणूस असा तालात बोलतो हे ज्याने रचले त्याचा कान फार तयार असला पाहिजे.

या चुकीवर उपाय म्हणून पहिल्यांदा जे सुचते ते ‘यू हॅव नथिंग डिसेंट टु वेअर’. ओघवते आहे, खरे वाटते, कोणताही इंग्रज भाऊ असेच म्हणेल. आणि तरीही ते चालणार नाही. कारण त्यात दागिना नाही. भावाने बहिणीला नाकारताना दागिन्याचे नाव घेतले, म्हणूनच पुढे बहीण दागिन्यांना जेवू घालते. तो त्याच्याच वाक्याला दिलेला जबाब आहे. वाक्य ओघवते करण्याच्या नादात इथला दागिना पुसला, तर शेवटच्या प्रसंगात दागिने कुठून आले हे मुलाला कळणार नाही, आणि बहिणीचे वागणे विक्षिप्त वाटेल. तेव्हा वाक्य असे केले : ‘नॉट अ डिसेंट सारी टु युअर नेम, नॉट अ स्क्रॅप ऑफ गोल्ड ऑन यू.’ दोन ‘नॉट’मुळे ताल काहीसा राहतो, आणि सोन्याचा उल्लेख जागेवर बसतो. ‘आज आलीस ती आलीस’ला मात्र इंग्रजीत जोड नाही. क्रियापदाची पुनरुक्ती करून ‘झाले ते झाले’ असा खांदे उडवण्याचा भाव मराठीत येतो, तो इंग्रजीत शब्दांनी आणायला गेले तर ‘यू केम, सो यू केम’ असे विचित्र होते. तिथे ‘वेल, यू आर हियर नाउ’ एवढ्यावर मी समाधान मानले.

‘ताई’ शब्द मसुद्यात ‘डिअर सिस्टर’ झाला होता आणि ‘दादा’ ‘डिअर ब्रदर’. यामुळे सगळे संवाद पत्राच्या मायन्यासारखे वाटू लागले होते. दोन्ही शब्द मराठीतच ठेवावेत असे मी सुचवले, आणि त्यावर आमची थोडी चर्चा झाली. तिची शंका रास्त होती : भाऊ बहिणीला ताई म्हणतो आणि बहीण भावाला दादा म्हणते, मग दोघांत मोठे कोण? कहाणी त्याचे उत्तर देत नाही, आणि तिला ते द्यायचेही नाही. दोघेही नात्याला मान देऊन बोलतात, एवढेच त्यातून दिसते. आणि भाऊ ‘ताई’ म्हणतच तिला उद्या येऊ नको असे सांगतो, यात जी बोच आहे ती ‘डिअर सिस्टर’मध्ये उपरोधिक वाटते, ‘ताई’मध्ये सवयीची वाटते. सवयीची असलेलीच जास्त लागते.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जेवायला येते तेव्हा भाऊ तिला ‘हात धरून घालवून देतो’. मसुद्यात ‘होल्डिंग हर हँड, ही सेंट हर ऑफ.’ व्याकरण चोख, शब्दाला शब्द बरोबर, आणि चित्र नेमके उलटे. इंग्रजीत हात हातात घेऊन निरोप देणे म्हणजे माया. पहिल्या वाचनात, मूळ मिटलेले असताना, मी या ओळीवर थांबलो होतो ते एवढ्याचसाठी, की आतापर्यंत दुष्टपणे वागणारा भाऊ इथे अचानक हळवा का झाला? शेजारी मराठी पान असते तर ही ओळ सहज निसटली असती, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांना त्यात ओढून नेणारा हातच दिसतो. ‘ही टुक हर बाय द आर्म अँड पुट हर आउट’ असे केल्यावर घटना जागेवर आली. हातापेक्षा दंड धरणे इंग्रजीत जास्त कठोर आहे.

मग बहिणीचे दिवस पालटतात आणि ती भावाकडे निघते : दागदागिने ल्याली, उंची पैठणी नेसली, शालजोडी पांघरली. तीन वस्तू, तीन क्रियापदे. इंग्रजीत तिन्हींना ‘पुट ऑन’, आणि मसुद्यात तसेच तीनदा होते. मराठी माणसाला इथे फार हळहळ वाटते, मलाही वाटली. ‘पांघरली’साठी ‘रॅप्ड’ सापडते, ‘नेसली’साठी ‘ड्रेप्ड’ म्हणता येते पण ते दुकानाच्या जाहिरातीतले वाटते, आणि ‘ल्याली’ला तर काहीच नाही. अखेर ‘शी पुट ऑन हर गोल्ड, अँड हर बेस्ट पैठणी, अँड रॅप्ड अ फाइन शॉल राउंड हर’ असे एका दमाचे वाक्य झाले. दोन क्रियापदे गेली ती गेलीच. भावाने ज्या ‘गोल्ड’चा अभाव बोलून दाखवला होता ते मात्र आता नावानिशी अंगावर आले.

पाटावर बसल्यावर ती आधी शालजोडी काढून ठेवते. भावाला वाटते, उकडत असेल म्हणून काढली. मग दागिने काढून पाटावर मांडते. भावाला वाटते, जड झाले असतील. हा भाग कहाणीतला सर्वांत खेळकर आहे आणि त्याची मजा ‘असेल’मध्ये आहे : प्रत्येक वेळी भाऊ स्वतःची समजूत काढतो. मसुद्यात ‘द ब्रदर थॉट दॅट पर्हॅप्स शी माइट बी फीलिंग द हीट’ असे होते. ‘पर्हॅप्स’ आणि ‘माइट’ दोन्ही आल्याने भाऊ भलताच विचारवंत झाला होता. त्याच्या मनातले शब्दच थेट दिले की काम होते : ‘शी मस्ट बी हॉट, थॉट हर ब्रदर.’ पुढे : ‘दे मस्ट बी हेवी, थॉट हर ब्रदर.’ दुसऱ्यांदा तोच साचा आला की ऐकणारी मुले तिसऱ्याची वाट पाहू लागतात, आणि तिसऱ्या वेळी भावाकडे स्पष्टीकरणच उरलेले नसते, कारण तोवर भाताचा घास सरीवर गेलेला असतो.

तो न राहवून विचारतो, ताई, हे काय करतेस? ती सांगते, मी करते आहे तेच बरोबर आहे. आणि मग : ‘दादा, हे माझं जेवण नव्हे, हे ह्या लक्ष्मीचं जेवण आहे. माझं जेवण होतं ते मी सहस्रभोजनाच्या दिवशी जेवले.’

मसुद्यात पहिला भाग ‘धिस इज द मील ऑफ गॉडेस लक्ष्मी’ असा होता, म्हणजे शब्दशः अगदी नेमका. पण तो वाचून मला खात्रीने वाटले, की परदेशातले मूल याचा अर्थ ‘नैवेद्य’ असा करील. नुकतीच देवी प्रसन्न झाली आहे, तिचे व्रत चालू आहे, तेव्हा भाविक बाई जेवणाआधी देवीला घास काढते आहे, असे चित्र त्याच्यापुढे उभे राहील. आणि कहाणीतला सगळ्यात धारदार टोमणा भक्तीत विरघळून जाईल. मराठीत ‘लक्ष्मी’ म्हटले की देवी आणि धन दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि ‘ह्या’ या दर्शक शब्दाने बोट पाटावरच्या सोन्याकडे जाते. इंग्रजीत देवी आणि सोने वेगळे करावे लागतात आणि मग पुन्हा जोडावे लागतात. आम्ही बरेच पर्याय मोडले. ‘वेल्थ’ घातले तर प्रवचन होते. फक्त ‘गोल्ड’ ठेवले तर लक्ष्मी जाते, आणि व्रताचा धागा तुटतो. शेवटी टिकले ते असे : ‘दादा, धिस डिनर इज नॉट माइन. इट इज फॉर लक्ष्मी हियर, फॉर द गोल्ड. शी इज द वन यू इन्व्हाइटेड.’ यात मूळच्या दोन वाक्यांचा क्रम जरा बदलला, पण ‘इन्व्हाइट’ची चौथी पुनरुक्ती नेमक्या जागी पडली. आणि त्यानंतर, एक श्वास सोडून, ‘आय एट माइन ॲट युअर फीस्ट फॉर अ थाउजंड.’ इथे ‘ऑलरेडी’ घालण्याचा मोह मसुद्यात होता, तो काढला. ‘ऑलरेडी’ने बहीण पोट भरल्याची सबब सांगणारी पाहुणी होते.

यानंतर भावाच्या ‘वर्मी लागलं’. ‘इट हिट हिज व्हायटल स्पॉट’ वाचून जखमेची दवापाण्याची वेळ आली की काय असे वाटले. इंग्रजीला स्वतःचा वाक्प्रचार आहे, ‘द वर्ड्स वेंट होम’, आणि तो घ्यायला संकोच करू नये. वर्म आणि घर यांचा काही संबंध नाही, हा आक्षेप शब्दकोशापुरता खरा.

कहाणीच्या शेवटचे ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे वाक्य आम्ही भाषांतरित केले नाही. मसुद्यात ‘अ स्टोरी ऑफ सिक्स्टी आन्सर्स’ असे होते आणि ते ऐकून कोणीही विचारील, प्रश्न कोणते होते? जुन्या मराठीत ‘उत्तर’ म्हणजे बोल, वचन असाही अर्थ आहे. साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत आटोपली, असा त्याचा साधारण आशय. पण ती ओळ अर्थासाठी म्हटली जात नाही. तीच देवनागरीत आणि खाली इंग्रजी लिपीत उच्चारासकट द्यावी आणि मुलांनी मोठ्यांबरोबर म्हणावी, असे भाषांतर करणारीनेच सुचवले. हे माझ्या कोणत्याही सुचवणीपेक्षा चांगले होते.

एका जागेवर मात्र आम्हा दोघांचाही इलाज चालला नाही. मूळ कहाणीत घास सरीवर जातो, जिलबी ठुशीवर, भाजी चिंचपेटीवर. पोथीपोथीत पदार्थ आणि दागिने थोडे बदलतात, पण गळ्यातल्या दागिन्यांचा भरणा सगळीकडे. सरी, ठुशी, चिंचपेटी यांना इंग्रजीत एकच शब्द, ‘नेकलेस’. फार तर एखाद्याला ‘चोकर’. मसुद्यात ‘वन नेकलेस, अनदर नेकलेस, अ थर्ड नेकलेस’ असे आले होते, आणि दागिन्यांच्या पंगतीऐवजी सराफाच्या दुकानातली मोजदाद चालू झाली होती. मराठी नावे तशीच ठेवली तर वाचणारी आई ती आनंदाने उच्चारील, पण तिच्या मुलीला त्यांचा आकार दिसणार नाही, आणि आकार दिसल्याशिवाय चिंचपेटीच्या चपट्या पट्टीवर भाजी ठेवण्यातली गंमत नाही. पुस्तिकेला चित्रे होतीच. तेव्हा नावे मराठीत ठेवून त्या पानावर ताट आणि पाट वरून दिसतील असे चित्र काढावे, प्रत्येक दागिना ओळखू येईल इतका मोठा असावा आणि त्यावरचा पदार्थ मजकुरातल्या क्रमानेच असावा, एवढी सूचना चित्रकाराकडे पाठवून आम्ही ते पान मिटवले.